पडत्या बाजारात लीडर शेअर: तो किती पडला यापेक्षा उसळीत काय करतो ते बघा

प्रश्न: सर, बाजार पडतो तेव्हा सगळे सांगतात की निफ्टीपेक्षा कमी पडलेले शेअर शोधा, तेच पुढचे लीडर. मी 55 दिवसांचा आरएस लावून यादी काढली तर त्यात साबण-बिस्किटवाले आणि सरकारी वीज कंपन्याच जास्त येतात. हे खरंच लीडर का? नेमकं बघायचं काय? नोकरी करतो, मुलुंडला घरी पोचेपर्यंत साडेआठ होतात, रात्री अर्धा तास मिळतो तेवढाच.

उत्तर:

नाही, त्यातले बहुतेक लीडर नाहीत. ते संथ शेअर आहेत. बाजार दहा टक्के पडला की ते पाच टक्के पडतात, आणि बाजार दहा टक्के चढला की तेही पाचच टक्के चढतात, त्यांचा स्वभावच तो. पडत्या बाजारात आरएसच्या यादीत असे शेअर आपोआप वर येतात, त्यात कंपनीचं काही कर्तृत्व नसतं. एक गोष्ट आधीच मोकळी करतो, आपण इथे बोलतोय तो आरएस म्हणजे शेअरची इंडेक्सशी तुलना, अ‍ॅपमध्ये 70-30 च्या रेषांसकट दिसणारा आरएसआय वेगळा, तो शेअरची तुलना त्याच्या स्वतःच्याच मागच्या भावाशी करतो, निफ्टीशी त्याचा संबंध नाही. तुम्ही योग्य तोच लावलाय, पण चुकीच्या दिवशी वाचताय.

मुद्दा एवढाच आहे की पडझडीच्या काळात सुद्धा बाजार सरळ रेषेत पडत नाही, मध्ये मध्ये उसळ्या येतात, आणि खरी परीक्षा त्या उसळीत होते. जो शेअर घसरणीत इंडेक्सपेक्षा कमी पडतो आणि उसळीत इंडेक्सपेक्षा जास्त चढतो, तिथे कोणीतरी मोठं खरेदी करतंय असं मानायला जागा आहे. नुसता कमी पडणारा शेअर म्हणजे लोकांनी पैसे पार्क करून ठेवलेत, भीती गेली की तिथूनच पैसे काढून दुसरीकडे नेणार.

आकड्यांवर बघू म्हणजे डोक्यात बसेल. 2024-25 ची घसरण घ्या, बहुतेकांच्या लक्षात आहे. निफ्टीचा सर्वोच्च बंद भाव 26 सप्टेंबर 2024 ला साधारण 26,216. तिथून 21 नोव्हेंबरला 23,350, म्हणजे जवळपास 11 टक्के खाली. मग उसळी, 13 डिसेंबरला 24,768, सहा टक्के वर. मग पुन्हा घसरण, मध्ये जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला एक बारीकशी उडी होती ती मी मोजत नाही, थेट 4 मार्च 2025 चा 22,083 घेतो, ते झाले पुन्हा जवळपास 11 टक्के. मग 25 मार्चला 23,669, सात टक्के उसळी. असे चार टप्पे, दोन घसरणीचे दोन उसळीचे. माझा नियम साधा आहे, बंद भावावर पाच टक्क्यांहून मोठी हालचाल असेल तरच तो टप्पा, नाहीतर रोज नवीन टप्पा पडत बसेल आणि वहीत नुसत्या तारखा जमतील.

आता यावर दोन शेअर बसवू. हे दोन्ही मी बनवलेले आहेत, खरे नाहीत, हिशोब सोपा जावा म्हणून. पहिला साबणवाला, सप्टेंबरमध्ये 1,000 रुपये, त्याच पाच तारखांना भाव 1,000, 950, 970, 915, 935. दुसरा एक मशिनरीवाला, 500 रुपयांचा, त्याचे भाव 500, 460, 510, 485, 540.

पहिल्या घसरणीनंतर, म्हणजे 21 नोव्हेंबरला, तुम्ही यादी काढली असती तर साबणवाला पाच टक्के पडलेला, मशिनरीवाला आठ टक्के पडलेला, निफ्टी अकरा. दोघेही निफ्टीपेक्षा बरे, पण साबणवाला वरच्या नंबरावर. तुमच्या यादीत नेमकं हेच होतंय. आता उसळी बघा. निफ्टी सहा टक्के चढला तेव्हा साबणवाला जेमतेम दोन टक्के चढला, मशिनरीवाला अकरा टक्के. दुसऱ्या घसरणीत निफ्टी अकरा टक्के, दोघेही पाच-सहा टक्केच पडले, म्हणजे इथे दोघांत फार फरक नाही. आणि शेवटच्या उसळीत परत तेच, साबणवाला दोन, मशिनरीवाला अकरा.

हेच भाव प्रत्येक तारखेच्या निफ्टीने भागा आणि सुरुवातीचा आकडा 100 धरा. साबणवाल्याची रेषा येते 100, 107, 103, 109, 104. मशिनरीवाल्याची येते 100, 103, 108, 115, 120. पहिली रेषा बाजाराच्या बरोबर उलटी हलते, बाजार पडला की वर, बाजार चढला की खाली, आणि शेवटी बसते तिथल्या तिथेच. दुसरी घसरणीतही वर आणि उसळीतही वर, प्रत्येक वळणावर मागच्यापेक्षा उंच. एकच दिवस धरून यादी काढली तर हा फरक कधीच दिसत नाही, तो फक्त वळणावळणाने ओळीत मांडला की दिसतो.

तिसराही एक प्रकार असतो, घसरणीत पंचवीस टक्के आपटतो आणि उसळीत पंधरा टक्के उडतो. उसळीच्या दिवशी टॉप गेनरच्या यादीत हाच असतो आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर पण हाच असतो. त्याची रेषा घसरणीत खाली जाते, उसळीत वर येते, आणि एकूणात खाली खाली सरकत जाते. तो लीडर नाही, तो नुसता उड्या मारणारा शेअर. म्हणून दोन्ही बाजू तपासायच्या, एक बाजू पास झाली म्हणून निकाल लावायचा नाही.

आता 55 दिवसांचा जो आरएस तुम्ही लावलाय त्याबद्दल. सूत्र हे आहे:

```
RS = (आजचा भाव / 55 दिवसांपूर्वीचा भाव) / (आजचा निफ्टी / 55 दिवसांपूर्वीचा निफ्टी) - 1
```

शून्याच्या वर म्हणजे निफ्टीपेक्षा बरा, खाली म्हणजे वाईट. वाईट इंडिकेटर नाहीये, पण यात एक गोची आहे, तुलनेचा पाया रोज एक दिवस पुढे सरकतो. उदाहरण देतो, 7 एप्रिल 2025 ला, अमेरिकेच्या टॅरिफच्या घोषणेनंतर, निफ्टी एका दिवसात तीन टक्क्यांहून जास्त आपटून 22,162 ला बंद झाला. त्या दिवशी ज्या शेअरने तग धरला त्याचा आरएस त्या वेळी मस्त वर गेला. पण जूनच्या शेवटी 55 दिवसांपूर्वीचा दिवस म्हणजे नेमका तोच 7 एप्रिल आला, आता निफ्टीचा पाया तळाला आणि या शेअरचा पाया वरती, त्यामुळे त्या आठवड्यात शेअरने काहीही वेडंवाकडं केलेलं नसताना त्याचा आरएस घसरतो. आणि जो शेअर त्या दिवशी फुटला होता त्याचा आरएस उगाच सुधारलेला दिसतो. लोक म्हणतात, अरे ताकद गेली, विका. ताकद कुठेच गेलेली नसते, फक्त खिडकी सरकलेली असते.

म्हणून मी सरकती खिडकी फक्त गाळणीसाठी वापरतो, दोनशे-पाचशे शेअरमधून पन्नास काढायला, आणि निर्णय मात्र ठरलेल्या तारखांवर घेतो. निफ्टीचं शिखर, पहिला तळ, पहिल्या उसळीचं टोक, दुसरा तळ, या तारखा सगळ्या शेअरना सारख्याच लावायच्या. शेअरचं शिखर वेगळ्या दिवशी असलं तरी तारीख निफ्टीचीच. हे फार जण चुकवतात, शेअरच्या शिखरापासून शेअर मोजतात आणि निफ्टीच्या शिखरापासून निफ्टी, मग ती तुलनाच राहत नाही.

चार्टवर बघायचं असेल तर ट्रेडिंगव्ह्यूमध्ये शोधायच्या चौकटीत सरळ भागाकार टाइप करा, `NSE:BAJFINANCE/NSE:NIFTY` असा, एंटर मारलं की शेअर भागिले निफ्टी अशी रेषा येते. कँडल काढून साधी लाइन करा, रोजचा चार्ट. त्या रेषेवर वरच्या तारखांना उभ्या रेघा मारून ठेवा, बस. आणि 55 वाला स्वतःचा हवा असेल तर पाइन एडिटरमध्ये एवढंच:

```
//@version=5
indicator("RS 55")
n = input.int(55)
idx = request.security("NSE:NIFTY", timeframe.period, close)
rs = (close / close[n]) / (idx / idx[n]) - 1
plot(rs)
hline(0)
```

वर भागाकारात बजाज फायनान्सचं नाव मुद्दामच घेतलं, त्या घसरणीतलं ते शिकण्यासारखं उदाहरण आहे (आज घ्या किंवा विका असं काही मी सांगत नाहीये, हे झालेलं आहे म्हणून बोलतोय). सप्टेंबर 2024 च्या शेवटी भाव साधारण 7,700, डिसेंबरअखेर 6,800 च्या आसपास. म्हणजे बारा टक्क्यांच्या जवळ खाली, त्याच काळात निफ्टी साडेआठ टक्क्यांच्या जवळ खाली. थोडक्यात पहिल्या टप्प्यात हा शेअर निफ्टीपेक्षा किंचित कमजोरच होता, नोव्हेंबरच्या यादीत तो तुम्हाला सापडलाच नसता! फिरलं ते जानेवारीत. 13 जानेवारी 2025 ला निफ्टी 23,086 ला बंद झाला, म्हणजे नोव्हेंबरच्या तळाच्याही खाली, आणि त्या दिवशी बजाज फायनान्स स्वतःच्या नोव्हेंबरच्या तळाच्या बऱ्यापैकी वर होता. इंडेक्स नवीन तळ करतो आणि शेअर करायला नकार देतो, ही पहिली खूण. पुढे फेब्रुवारीअखेर निफ्टी 22,125 आणि शेअर 8,500 च्या आसपास.

डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीअखेर हिशोब करा. शेअर 25 टक्के वर, निफ्टी साडेसहा टक्के खाली. लोक इथे सरळ बेरीज करतात, साडेएकतीस टक्के म्हणतात. भागाकार केला तर 1.25 भागिले 0.936, म्हणजे 1.336, साडेतेहतीस टक्के. छोट्या हालचालीत हा फरक नगण्य असतो, पण महिनेच्या महिने मोजताना वाढत जातो, म्हणून पहिल्यापासून भागाकाराचीच सवय लावा.

आणि यामागे कारण पण होतं, नुसती रेषा नव्हती. फेब्रुवारी 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर 6.5 वरून 6.25 टक्के केला, आणि त्याच महिन्याच्या शेवटी, बँका बजाज फायनान्ससारख्या एनबीएफसींना, म्हणजे बँक नसलेल्या कर्ज देणाऱ्या कंपन्यांना, जे कर्ज देतात त्यावर नोव्हेंबर 2023 मध्ये वाढवलेलं जोखीम-भारांकन मागे घेतलं, म्हणजे एनबीएफसींना पैसा मिळणं सोपं झालं. रेषा आधी वळली, घोषणा नंतर आल्या. हे नेहमी असंच होतं असं नाही, पण रेषा वळलेली दिसली की मी कारण शोधायला बसतो, आणि धंद्यातलं एकही कारण सापडलं नाही तर जरा दुरूनच बघतो.

ह्याच शेअरमध्ये पुढे एक खड्डा पण आहे. जून 2025 मध्ये कंपनीने शेअरची फोड केली, दोन रुपये दर्शनी किमतीचा शेअर एक रुपयाचा, आणि वर एकास चार बोनस. एका शेअरचे दहा झाले, भाव नऊ हजारांवरून नऊशेंवर आला. तुम्ही एक्सेलमध्ये जुने भाव हाताने टाकून ठेवले असतील तर त्या दिवशी तुमचा आरएस नव्वद टक्के कोसळेल. चार्टवाले फोड-बोनस जुळवून घेतात, म्हणून डिसेंबरचा 6,800 आता चार्टवर 680 दिसेल, घाबरू नका. पण डीमर्जर सगळीकडे नीट जुळवलेला नसतो, ते तपासा. जानेवारी 2025 मध्ये आयटीसीतून हॉटेलचा धंदा वेगळा झाला, दहा शेअरमागे एक आयटीसी हॉटेल्स मिळाला, त्या दिवशी आयटीसीचा भाव तेवढ्याने खाली आला. ती कमजोरी नव्हती, शेअरहोल्डरच्या हातात तेवढीच किंमत दुसऱ्या नावाने आली होती. रेषेत एका दिवसात उभी खाच दिसली की आधी कॉर्पोरेट अ‍ॅक्शन बघायची, मग मत बनवायचं.

आता साबणाबद्दल एक गंमत सांगतो. सगळे म्हणतात पडत्या बाजारात एफएमसीजी घ्या. 2024-25 च्या घसरणीत निफ्टी एफएमसीजी इंडेक्स निफ्टीपेक्षा जास्त पडला! शहरातली मागणी मंदावली होती, रिझल्ट खराब आले, आणि सुरक्षित म्हणून घेतलेलेच शेअर लोकांना जास्त लागले. त्यामुळे "हा डिफेन्सिव्ह आहे" असं सेक्टरच्या नावावरून ठरवू नका, रेषेवर बघा. तुमच्या यादीतले साबणवाले खरे संथ आहेत की खरे मजबूत ते उसळीचे दोन टप्पे मोजले की दहा मिनिटांत कळेल.

कोणत्या इंडेक्सशी तुलना करायची हाही प्रश्न येतो. मोठ्या शेअरला निफ्टी 50 ठीक. पण स्मॉलकॅपला निफ्टी लावलात तर मोठ्या पडझडीत सगळेच स्मॉलकॅप कमजोर दिसतील, कारण त्या घसरणीत स्मॉलकॅप इंडेक्स जवळपास पाव भाग गमावून बसला होता आणि निफ्टी सोळा टक्के. तिथे मी दोन रेषा काढतो, एक निफ्टी 500 शी आणि एक निफ्टी स्मॉलकॅप 250 शी. स्मॉलकॅप इंडेक्सपेक्षा बरा पण निफ्टी 500 पेक्षा वाईट, असा शेअर म्हणजे आंधळ्यांच्या गावात काणा राजा, तो घेऊन काय करायचं. दोन्हींवर वर असेल तरच पुढे बघायचं. आणि उलट टोकाला, एचडीएफसी बँकेसारखा शेअर निफ्टीशी ताडताना लक्षात ठेवा की निफ्टीत तिचं स्वतःचंच वजन बारा-तेरा टक्क्यांच्या घरात राहिलंय, म्हणजे ती थोडी स्वतःशीच स्पर्धा करते, तिचा फरक रेषेवर आहे त्यापेक्षा लहान दिसतो.

सेक्टरचं पण तसंच. शेअर मजबूत आहे की अख्खा सेक्टर मजबूत आहे हे वेगळं काढायला सेक्टर इंडेक्स भागिले निफ्टी आणि शेअर भागिले सेक्टर इंडेक्स अशा दोन रेषा बघा. एप्रिल 2025 मध्ये हे फार स्वच्छ दिसलं, 21 एप्रिलला बँक निफ्टी 55,000 च्या वर जाऊन नवीन उच्चांकावर बंद झाला, सप्टेंबरचं शिखर मागे टाकून, आणि त्याच दिवशी निफ्टी 24,125 ला, म्हणजे स्वतःच्या शिखरापासून अजून आठ टक्के खाली. 7 एप्रिलच्या तळापासून हे व्हायला जेमतेम दोन आठवडे लागले, त्यात सुट्ट्या पण होत्या. ज्याची यादी आधीच तयार होती त्यालाच काहीतरी करता आलं, बाकीचे "अजून एकदा खाली येईल" म्हणत बसले.

नकली ताकदीचे प्रकार मात्र ओळखायला शिका, कारण गाळणीतून ते हमखास वर येतात. पहिला, ओपन ऑफर किंवा डीलिस्टिंग चालू असलेला शेअर. ऑफरचा भाव समजा 640 असेल तर शेअर 625-635 मध्ये चिकटून बसतो, बाजार पडो की चढो. बाजार पडताना त्याची रेषा सुंदर चढते. ओळखायची खूण म्हणजे भाव जवळपास आडवा आणि उसळीत पण हलत नाही. दुसरा, सर्किटमध्ये अडकलेला शेअर. पाच टक्क्यांचं सर्किट असेल आणि बाजार वाईट दिवशी आपटला तर तो पाच टक्क्यांवर थांबतो, खाली विकणाऱ्यांची रांग लागलेली असते पण चार्टवर तो "फक्त पाच टक्के" पडलेला दिसतो, खरी घसरण पुढच्या चार दिवसांत हळूहळू येते. ज्या शेअरची रोजची उलाढाल दोन-चार कोटींची पण नाही किंवा जो एएसएम-जीएसएमच्या, म्हणजे एक्स्चेंजने जादा नजर ठेवलेल्या शेअरच्या, यादीत आहे, त्याची रेषा मी काढतच नाही, सुंदर दिसली तरी. उलाढाल आणि डिलिव्हरीचे आकडे एनएसईच्या साइटवर फुकट आहेत, उसळीच्या दिवसांत उलाढाल वाढते का आणि घसरणीच्या दिवसांत आटते का एवढं बघा. उलटं असेल तर वर चाललेल्या रेषेवर विश्वास टाकू नका.

लीडर कायमचा लीडर नसतो हेही बघून ठेवा, परत बजाज फायनान्सच घेऊ. फेब्रुवारी 2025 अखेर 8,500 आणि निफ्टी 22,125. जुलैअखेर नवीन भावात 880 च्या आसपास, जुन्या हिशोबात 8,800, आणि निफ्टी 24,768. भाव वर आहे, घेणाऱ्याला तोटा नाही, पण भागाकार केला तर रेषा साडेसात टक्के खाली. बाजार वर गेला आणि हा त्याच्याबरोबर गेला नाही. पडत्या बाजारात लपायला आलेला पैसा बाजार सुधारल्यावर स्वस्त झालेल्या ठिकाणी जातो, हे नॉर्मल आहे. म्हणून माझा बाहेर पडायचा नियम भावावर नाही, रेषेवर आहे: इंडेक्सची पाच टक्क्यांची उसळी पूर्ण झाली आणि त्या उसळीत शेअरची रेषा मागच्या वळणाच्या खाली गेली, की निम्मा काढायचा. पुढच्या टप्प्यातही तेच, की उरलेला. एका वाईट दिवसावर नाही, पूर्ण टप्प्यावर. रोज रेषा बघून आत-बाहेर करायला लागलात तर वर्षाच्या आतल्या नफ्यावर 20 टक्के टॅक्स आहे, ब्रोकरेज आणि एसटीटी वेगळं, सगळी कमाई तिथेच जाईल.

आणि एक वाईट प्रकार, मोठ्या मंदीच्या शेवटी शेवटी लीडर पण धरले जातात. म्युच्युअल फंडांवर पैसे परत द्यायची वेळ आली, मार्जिन कॉल आले, की लोक जे विकता येतं ते विकतात, आणि नफ्यात असतं तेच आधी विकता येतं. मार्च 2020 मध्ये तेच झालं, चांगलं-वाईट सगळं एकत्र आपटलं. अशा वेळी लीडरची रेषा महिनाभर वाकडी होते, तेव्हा नवीन काही घ्यायचं नाही, फक्त बघायचं की धूळ बसल्यावर पहिल्या आठवड्यात कोण परत वर येतो. तेव्हा एप्रिल 2020 मध्ये फार्मा असा पहिल्यांदा वर आला होता.

तुमच्या अर्ध्या तासात काय जमेल ते सांगतो. रोज करायची गरजच नाही. शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी सकाळी निफ्टीने पाच टक्क्यांचा नवीन टप्पा पूर्ण केलाय का एवढं बघा, नसेल तर लॅपटॉप बंद. असेल तर तुमच्या पन्नासच्या यादीला ती तारीख लावा आणि प्रत्येक शेअरची रेषा मागच्या वळणाच्या वर की खाली एवढीच एक खूण करा. दोन घसरणी आणि एक उसळी, अशा तिन्ही ठिकाणी वर असलेले शेअर पन्नासातून चार-पाचच उरतील, कधीकधी एकही नाही, आणि तेही उत्तरच आहे. उरलेल्यांचे मागचे दोन तिमाही रिझल्ट वाचा, विक्री आणि नफा दोन्ही मागच्या वर्षाच्या त्याच तिमाहीपेक्षा वाढलेत का ते बघा. घ्यायचं तेव्हा ठरवलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा आधी, कारण बाजार अजून पडतोच आहे आणि तिसरी घसरण कधीही येऊ शकते. उरलेले दोन हिस्से इंडेक्सने मागच्या उसळीचं टोक बंद भावावर ओलांडल्यावर, त्या घसरणीच्या भाषेत सांगायचं तर निफ्टी 25 मार्चच्या 23,669 च्या वर बंद झाल्यावर, जे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात झालं.

तुमची सध्याची यादी फेकून देऊ नका, त्यात त्या वीज कंपन्या आहेत ना, त्यांना आधी गेल्या दोन उसळ्या लावून बघा. सरकारी आहेत म्हणून संथच असतील असं गृहीत धरू नका. आकडे काढून इथेच टाका, तारखा आणि बंद भाव दोन्ही द्या, मग बोलू.